कर मापावर की मोलावर?

वस्तूंवर कर आकारण्याच्या मुळात दोनच पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत वस्तू मोजली जाते आणि दर नगामागे, किलोमागे, लिटरमागे किंवा यार्डामागे ठरावीक रक्कम घेतली जाते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत यास विशिष्ट शुल्क असे म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत वस्तूची किंमत पाहून तिच्या शेकडा अमुक इतकी रक्कम वसूल होते. हे मूल्यानुसारी शुल्क होय. पहिल्या पद्धतीसाठी अधिकाऱ्याच्या हाती गज किंवा तराजू असला म्हणजे पुरे. दुसऱ्या पद्धतीत त्याला बीजक वाचावे लागते आणि त्यावरील आकडा खरा आहे की रचलेला, याचाही निवाडा करावा लागतो.

वरवर पाहता हा केवळ हिशेबाच्या सोयीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात कराचा भार कोणाच्या खिशावर पडतो, हे या निवडीवर बरेचसे ठरते. दोनशे रुपयांच्या आणि दोन हजार रुपयांच्या सदऱ्यावर नगामागे शंभर रुपये कर बसवला, तर पहिल्यावरील बोजा पन्नास टक्के होतो आणि दुसऱ्यावरील अवघा पाच टक्के. कायद्याच्या शब्दांत दोघांनाही समान वागणूक मिळालेली असते. हीच गोष्ट जाणीवपूर्वक योजून एका देशाने आपल्या बाजारातून दुसऱ्या देशाचे स्वस्त कापड कसे हद्दपार केले, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात सापडते. आणि ते कापड होते भारताचे.

पंचवीस सेंटांची मेख

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी व्यापारी जहाजे भारतातून जाडेभरडे सुती कापड भरून नेत असत. आपल्याकडील मांजरपाटाच्या जातीचे हे कापड दिसायला साधे आणि विणीला विरळ असले, तरी किमतीला अतिशय स्वस्त असे. अंथरूण-पांघरुणापासून कामाच्या कपड्यांपर्यंत सर्वत्र ते वापरले जाई. १८१२ ते १८१५ या काळात इंग्लंडशी युद्ध सुरू असताना ही आयात जवळजवळ थांबली आणि न्यू इंग्लंडमध्ये अनेक सूत व कापड गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांतच बोस्टनजवळच्या वॉल्थम येथे फ्रान्सिस कॅबट लोवेल याने यांत्रिक मागाची गिरणी सुरू केली. युद्ध संपताच परदेशी माल पुन्हा बंदरांत येऊ लागला आणि संरक्षणाची मागणी वाढली.

१८१६ च्या अमेरिकी जकात कायद्याने सुती कापडावर पंचवीस टक्के मूल्यानुसारी शुल्क बसवले. त्या काळच्या मानाने हा दर काही राक्षसी नव्हता. खरी मेख पुढच्या अटीत होती. ज्या कापडाची किंमत चौरस यार्डाला पंचवीस सेंटांपेक्षा कमी असेल, त्याची किंमत पंचवीस सेंटच आहे असे मानावे, असे कायद्याने सांगितले. केप ऑफ गुड होपपासून किंवा त्याच्या पलीकडून, म्हणजे मुख्यतः भारत आणि चीन येथून, येणाऱ्या मालाच्या मूळ खरेदी किमतीत वीस टक्के मिळवून, तर इतर ठिकाणच्या मालाच्या किमतीत दहा टक्के मिळवून ही तुलना करायची होती. भारतीय मालाला ही वाढीव भर देऊनही त्याची किंमत पंचवीस सेंटांच्या पुष्कळ खाली राही, त्यामुळे त्याला तिचा काही उपयोग नव्हता.

याचा अर्थ असा, की पंचवीस सेंटांखालील सर्व कापडावर शुल्क एकच. पंचवीस सेंटांचे पंचवीस टक्के म्हणजे चौरस यार्डाला सव्वासहा सेंट. कागदावर टक्केवारीचे असलेले शुल्क स्वस्त मालापुरते गुपचूप मापावरचे झाले. भारतात दहा सेंटांना घेतलेल्या चौरस यार्ड कापडावर सव्वासहा सेंट द्यावे लागले, म्हणजे खरेदी किमतीच्या साडेबासष्ट टक्के. आठ सेंटांच्या कापडावर हेच प्रमाण अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर जाते. याउलट पन्नास सेंटांच्या तलम कापडावर साडेबारा सेंट, म्हणजे कायद्यात लिहिलेले पंचवीस टक्केच. तलम माल प्रामुख्याने इंग्लंडचा होता आणि वॉल्थमच्या गिरणीला तो विणायचाच नव्हता. तिचे उत्पादन होते चौदा नंबरच्या सुताचे, सदतीस इंच पन्ह्याचे जाड चादरीचे कापड. आपला माल ज्या किमतीच्या टापूत विकला जातो, नेमक्या त्याच टापूत शुल्काची भिंत उंच असावी, अशी ही रचना होती.

लोवेलचा भागीदार नेथन ॲपल्टन याने पुढे लिहून ठेवले आहे, की या किमान मूल्याची कल्पना लोवेलचीच होती आणि दक्षिण कॅरोलायनाच्या विल्यम लाउंड्स व जॉन कॅलहून या प्रतिनिधींना त्यानेच ती पटवून दिली. कापूस पिकवणाऱ्या प्रांताचे प्रतिनिधी संरक्षक जकातीला राजी झाले, हे पुढच्या काळातील त्यांचा विरोध पाहता नवल वाटण्याजोगे आहे. पण भारतीय कापडात भारतीय कापूस असतो आणि वॉल्थमच्या कापडात दक्षिणेतला, हा युक्तिवाद त्यांना रुचण्यासारखा होता. नाकेबंदी कोणत्याही देशाचे नाव घेऊन झाली नव्हती. तरीही काही वर्षांतच भारतीय जाडे कापड तेथील बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक परिणाम दिसतो. कर नसता तर दहा सेंटांचे जाडे आणि पन्नास सेंटांचे तलम कापड यांच्या किमतीत एकास पाच असे प्रमाण राहिले असते. दोन्हींवर निव्वळ पंचवीस टक्के लावले तरी ते साडेबारा आणि साडेबासष्ट होतात आणि प्रमाण तेच राहते. किमान मूल्याच्या अटीनंतर मात्र जाडे कापड सव्वासोळा सेंटांवर गेले आणि तलम साडेबासष्टवरच राहिले. म्हणजे प्रमाण चारास एकपेक्षाही खाली आले. मापावरचा कर उंची माल स्वस्त करीत नाही. तो हलका माल महाग करून उंची मालाला तुलनेने स्वस्त भासवतो. म्हणूनच अशा कराखाली व्यापारी हळूहळू हलका माल आणणे सोडून देतात.

किंमत उतरते, कर उतरत नाही

मापावरच्या कराचा दुसरा स्वभाव कालांतराने उघड होतो. तो रकमेत ठरलेला असल्याने बाजारभाव हलला की त्याचे वजन आपोआप बदलते, मग विधिमंडळाने काहीही न केले तरी चालते. भाववाढीच्या काळात तो झिजतो आणि भाव उतरत गेले की चढत जातो.

अमेरिकी कायदेमंडळ स्वस्थ बसले नव्हतेच. १८२४ मध्ये किमान मूल्य तीस सेंट झाले आणि १८२८ मध्ये पस्तीस. दर पंचवीस टक्केच राहिला, पण शुल्काची रक्कम साडेसात आणि मग पावणेनऊ सेंट झाली. या काळात यांत्रिक मागांमुळे आणि कापूस उतरल्यामुळे वॉल्थमच्या कापडाचा भाव कसा घसरला, हे ॲपल्टनने नोंदवले आहे. १८१६ मध्ये यार्डाला तीस सेंट असलेला भाव १८१९ मध्ये एकवीस, १८२६ मध्ये तेरा आणि १८२९ मध्ये साडेआठ सेंट झाला. पन्हा जवळजवळ एक यार्ड असल्यामुळे यार्ड आणि चौरस यार्ड यांत येथे फारसा फरक पडत नाही. अशाच भावाचे परदेशी कापड आणायचे ठरवले असते तर १८१९ मध्ये त्यावर सुमारे तीस टक्के, १८२६ मध्ये अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास आणि १८२९ मध्ये शंभर टक्क्यांहून अधिक बोजा पडला असता. कायद्यात या तिन्ही वर्षी ‘पंचवीस टक्के’ असेच लिहिलेले होते.

तोवर अमेरिकी जाडे कापड स्वतःच इतके स्वस्त झाले होते, की या संरक्षणाची त्याला गरज उरली नव्हती, असे जकातीच्या इतिहासाचे अभ्यासक फ्रँक टॉसिग यांचे मत आहे. ते ग्राह्य मानले तरी आरंभीच्या वर्षांत स्वस्त कापडाच्या गिऱ्हाइकाने मोजलेली किंमत त्यामुळे भरून निघत नाही.

पायरीवरची गर्दी

सुती कापडात एकच किमान मूल्य होते. १८२८ च्या कायद्याने लोकरी कापडासाठी किमान मूल्यांची शिडीच उभी केली. चौरस यार्डाला पन्नास सेंटांपर्यंतचे बहुतेक कापड पन्नास सेंटांचे, त्यावरील एक डॉलरपर्यंतचे एक डॉलरचे, त्यावरील अडीच डॉलरपर्यंतचे अडीच डॉलरचे आणि त्यावरील चार डॉलरपर्यंतचे चार डॉलरचे मानावे, असे ठरले. शुल्क आधी चाळीस आणि १८२९ पासून पंचेचाळीस टक्के.

आता नव्व्याण्णव सेंटांच्या कापडाचा हिशेब पाहावा. ते एक डॉलरचे मानले जाई आणि त्यावर पंचेचाळीस सेंट पडत. एक डॉलर पाच सेंटांचे कापड मात्र अडीच डॉलरचे ठरे आणि त्यावर एक डॉलर साडेबारा सेंट, म्हणजे मालाच्या किमतीहूनही जास्त शुल्क पडे. सहा सेंटांच्या फरकापायी कर अडीच पट. अशा वेळी बीजकावर सव्वा डॉलरचे कापड नव्व्याण्णव सेंटांचे दाखवण्याचा मोह कोणत्या व्यापाऱ्याला झाला नसता? फसवणूक बोकाळली आणि १८३२ मध्ये लोकरी कापडावरील ही शिडी काढून टाकावी लागली.

असा प्रकार ओळखण्याची खूण आजही तीच आहे. आयातीच्या नोंदी किमतीनुसार मांडल्या असता कराच्या पायरीच्या नेमक्या खाली माल दाटीवाटीने जमलेला आणि पायरीच्या लगेच वर ओसाड पट्टा दिसला, तर किमती बाजाराने नव्हे तर कराने ठरवल्या आहेत असे समजावे. अर्थात अशी प्रत्येक गर्दी लबाडीचीच असते असे नाही. भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे अडीच हजार रुपयांपर्यंत पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. अडीच हजारांच्या सदऱ्यावर सव्वाशे रुपये कर पडतो आणि एक रुपया किंमत वाढली की साडेचारशे. हा कर मूल्यानुसारी असला तरी पायरीमुळे त्यातही तोच दोष शिरतो, आणि किंमत अडीच हजारांच्या आत बसवणारा दुकानदार काहीही बेकायदा करीत नसतो.

या साऱ्या प्रकाराला कंटाळून १८४६ मध्ये अर्थमंत्री रॉबर्ट वॉकर याच्या पुढाकाराने अमेरिकेने सर्व शुल्के टक्केवारीवर आणली. मापावरची शुल्के आणि किमान मूल्ये गरिबांच्या मालावर अधिक बोजा टाकतात, हा त्याचा प्रमुख आक्षेप होता आणि वरील आकडे पाहता तो खराच होता. विरोधकांचे उत्तरही तितकेच खरे होते. टक्केवारी आली की बीजक खोटे करण्याला पूर्ण मुभा मिळते. १८६१ मध्ये अमेरिका मोठ्या प्रमाणावर पुन्हा मापाकडे वळली.

किलोमागे ११५ रुपये

हा वाद जुन्या कागदपत्रांपुरता उरलेला नाही. १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या, म्हणजे टी-शर्ट आणि होजिअरीसाठी लागणाऱ्या कापडाच्या, नऊ शुल्कशीर्षांवरील मूळ सीमाशुल्क बदलले गेले. आधी ते दहा किंवा वीस टक्के होते. नवे शुल्क ‘वीस टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते’ असे झाले. १८१६ च्या अमेरिकी कायद्याचा हा सख्खा वंशज आहे. फरक इतकाच की किमान मूल्य लपवून न ठेवता रक्कम उघड लिहिली आहे. हे किमान मूल्य काढणे सोपे आहे. ज्या किमतीचे वीस टक्के ११५ रुपये होतात ती किंमत म्हणजे ५७५ रुपये. किलोला ५७५ रुपयांच्या वर टक्केवारी चालते, खाली तराजू.

तीनशे रुपये किलोच्या कापडावर केवळ वीस टक्के असते तर साठ रुपये पडले असते. आता ११५ पडतात, म्हणजे अडतीस टक्क्यांहून थोडे अधिक. साडेअकराशे रुपये किलोच्या कापडावर दोनशे तीस रुपये, म्हणजे वीसच टक्के. भार पुन्हा हलक्या मालावर.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. देशी कापड उत्पादकांची तक्रार अशी होती, की बाहेरून येणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या निटेड कापडाची किंमत बीजकावर अवास्तव कमी दाखवली जाते. २०२४ मध्येच सरकारने काही प्रकारच्या निटेड कापडावर किलोला साडेतीन डॉलरची किमान आयात किंमत लावली होती. त्याहून कमी किमतीची आयात निर्बंधित ठरवली होती. किलोमागील रक्कम हा त्यापुढचा इलाज. तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होते.

एखाद्या आयातदाराने साडेचारशे रुपये किलोचे कापड तीनशेचे दाखवले असे धरू. निव्वळ टक्केवारीत त्याने नव्वदऐवजी साठ रुपये भरून तीस रुपये वाचवले असते. आता खरे सांगितले तरी ११५ आणि खोटे सांगितले तरी ११५. या शुल्कापुरता खोटे बोलण्यातला लाभच संपला. दुसऱ्या आयातदाराचे कापड हजार रुपये किलोचे आहे. खरे बोलला तर त्याला दोनशे रुपये भरावे लागतात. सहाशेचे दाखवले तर एकशेवीस. त्याचे ऐंशी रुपये पूर्वीप्रमाणेच वाचतात, कारण दोन्ही किमती ५७५ च्या वर आहेत. म्हणजे हा पहारा स्वस्त मालाच्या दारापुरताच आहे. महाग मालाच्या बाबतीत पुन्हा बीजकाची छाननी, त्याच मालाच्या इतर आयातीशी तुलना आणि नमुना तपासणी यांवाचून गत्यंतर नाही.

शिवाय खरोखरच तीनशे रुपये किलोचे कापड प्रामाणिकपणे आणणारा आणि साडेचारशेचे कापड तीनशेचे दाखवणारा या दोघांत तराजूला फरक करता येत नाही. दोघेही ११५ देतात. लबाडाला अडवण्यासाठी उभारलेल्या भिंतीचा खर्च अशा रीतीने स्वस्त टी-शर्टच्या गिऱ्हाइकाकडे सरकतो. हा खर्च सोसण्याजोगा आहे की नाही, हे खोट्या बीजकांचे प्रमाण किती यावर अवलंबून आहे. ते थोडे असेल तर उपाय रोगापेक्षा जड म्हणावा लागेल.

जिथे मापच योग्य ठरते

मापावरच्या कराला नेहमीच दोषी धरणेही बरोबर नाही. कर ज्या गोष्टीसाठी लावायचा ती गोष्टच मापात असेल, तर किमतीकडे पाहण्याचे कारण उरत नाही. सिगारेटने होणारी हानी पाकिटाच्या किमतीवर ठरत नाही, म्हणून भारतात सिगारेटवर हजार कांड्यांमागे, लांबीनुसार, ठरावीक रक्कम घेण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली आहे. येथे हलक्या मालावर जास्त भार पडणे हा दोष नसून हेतूच असतो. स्वस्त सिगारेटकडे वळून कर चुकवण्याची वाट त्यामुळे अरुंद होते.

महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्कात दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदतात. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने देशी दारूवरील शुल्क प्रुफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये केले. प्रुफ लिटर म्हणजे मद्यार्काच्या तीव्रतेनुसार काढलेले माप, त्यामुळे हा कर थेट अल्कोहोलवर बसतो. त्याच वेळी लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मिती मूल्य जाहीर केलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क त्या मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट झाले. टक्क्यांत सांगायचे तर साडेचारशे टक्के मूल्यानुसारी कर. जाहीर मूल्य शंभर रुपये धरले तर शुल्क साडेचारशे, आणि तेच मूल्य नव्वद दाखवले तर चारशे पाच. दहा रुपये कमी लिहिले की पंचेचाळीस रुपये वाचतात. टक्केवारी जितकी मोठी, तितका जाहीर किमतीतला प्रत्येक रुपया महाग, आणि तितकेच तो रुपया तपासणाऱ्याचे काम अवघड. देशी दारूच्या बाटलीबाबत हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे तीव्रता मोजली की हिशेब पुरा.

निटेड कापडावरील ११५ रुपयांनाही काळाची कसोटी लागायची आहे. कृत्रिम धाग्याचे भाव वाढून सामान्य कापडच सहाशे रुपये किलोवर गेले, तर ही अट निजून राहील आणि फक्त वीस टक्के उरतील. भाव घसरून अडीचशेवर आले आणि किमान आयात किमतीचा अडसर नसला, तर तेच ११५ रुपये सेहेचाळीस टक्के होतील. दोन्ही प्रसंगी शुल्कपत्रकातले एक अक्षरही बदललेले नसेल.